स्लिट वाढवल्या की मॅक्झिमा बारीक का होतात, आणि मधले छोटे मॅक्झिमा जातात कुठे?

प्रश्न: "डबल स्लिटचं गणित कळलं. पण पुस्तकात म्हणतात N स्लिट घेतल्या की मोठे मॅक्झिमा जागच्या जागी राहून बारीक होतात आणि दोघांच्या मध्ये N−2 छोटे मॅक्झिमा येतात. सूत्रातून सिद्ध करता येतं, पण असं का होतं ते डोक्यात शिरत नाही. आणि लॅबमधल्या ग्रेटिंगमधून बघितलं तर ते छोटे एकदाही दिसले नाहीत, मग ते असतात तरी का?"

असतात. पण ते बघायला ग्रेटिंग ही सगळ्यात वाईट जागा आहे, तिकडे शेवटी येतो. आधी सूत्र बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या. मी ऑप्टिक्सची प्रॅक्टिकल्स घेतो, आणि माझा अनुभव असा की ज्याने एकदा हाताने बाण काढले त्याला हा प्रश्न परत पडत नाही, आणि ज्याने नुसतं sin²(Nδ/2)/sin²(δ/2) पाठ केलं त्याला दर परीक्षेच्या आधी पडतो.

प्रत्येक स्लिटमधून येणाऱ्या लाटेसाठी एक बाण काढायचा, सगळ्यांची लांबी सारखीच. शेजारच्या दोन स्लिटमधून पडद्याच्या एखाद्या जागी येणाऱ्या लाटांमध्ये जेवढा फेजचा फरक δ असेल तेवढा पुढचा बाण मागच्याच्या तुलनेत वळवायचा, आणि एकाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी जोडत जायचं. पहिल्या बाणाच्या शेपटीपासून शेवटच्याच्या टोकापर्यंतचं सरळ अंतर म्हणजे तिथला एकूण अँप्लिट्यूड, त्याचा वर्ग म्हणजे इंटेन्सिटी. बस, एवढंच. δ हा d sinθ वर अवलंबून आहे, d म्हणजे शेजारच्या दोन स्लिटमधलं अंतर, आणि d sinθ एक λ झालं की δ बरोबर ३६०° होतो.

बरोबर मध्यभागी δ शून्य. सगळे बाण एका रेषेत, साखळी N लांब, इंटेन्सिटी N². आता बाजूला सरकत जा, प्रत्येक बाण थोडा थोडा वळतो, साखळी वाकत जाते, आणि δ पुन्हा ३६०° झाला की प्रत्येक बाण एक पूर्ण फेरी मारून परत सरळ, म्हणजे साखळी पुन्हा ताठ. हा पुढचा मोठा मॅक्झिमा. यात किती बाण आहेत याचा कुठेच संबंध आला नाही, दोन असोत की दोन हजार, ३६०° वळले की सगळे सरळच होणार. म्हणून मोठे मॅक्झिमा जागचे हलत नाहीत, त्यांची जागा फक्त d ठरवतो.

मजा आहे ती मधल्या प्रवासात. ३ स्लिट घ्या. δ १२०° झाला की तीन बाणांचा त्रिकोण बंद होतो, साखळीचं टोक सुरुवातीला येऊन चिकटतं, पूर्ण अंधार. आता अजून सरकलात आणि δ १८०° केलात तर पहिला बाण उजवीकडे, दुसरा डावीकडे, तिसरा परत उजवीकडे. पहिले दोघे एकमेकांना खाऊन टाकतात आणि तिसरा एकटा उरतो! अँप्लिट्यूड १, आणि मोठ्या मॅक्झिमाला तो ३ होता, म्हणजे इंटेन्सिटी एक नवमांश, साधारण ११%. पुढे २४०° ला त्रिकोण पुन्हा बंद (उलट्या दिशेने फिरलेला) आणि ३६०° ला पुढचा मोठा. म्हणजे अंधार, छोटा उंचवटा, अंधार. हाच तो N−2, तीन वजा दोन एक. गंमत अशी की डबल स्लिटला जिथे ठार अंधार होता बरोबर त्याच जागी तिसऱ्या स्लिटने उजेड आणला, कारण दोन बाणांची जोडी जुळली होती आणि हा तिसरा बिनजोडीचा आला.

५ स्लिटचं चित्र मला सगळ्यात आवडतं म्हणून तेही काढाच. ७२° ला पंचकोन बंद होतो, पहिला अंधार. १४४° ला साखळी दोन फेऱ्या मारून बंद होते आणि कागदावर चक्क पाच टोकांची चांदणी दिसते, दुसरा अंधार. २१६° ला उलटी चांदणी, २८८° ला उलटा पंचकोन. चार अंधार, आणि चार अंधारांच्या मध्ये तीन उंचवटे. हे तिन्ही सारखे नसतात हे पुस्तकं फारसं सांगत नाहीत. बरोबर मधला (१८०° चा) एक बाण शिल्लक राहून तयार होतो, पाचाच्या तुलनेत एक, म्हणजे ४%. पण मोठ्या मॅक्झिमाच्या शेजारचे दोन, जे १०४° आणि २५६° च्या आसपास येतात, त्यांच्यात सव्वा बाणाएवढं अंतर उरतं, म्हणजे ६.२५%. मोठ्याच्या जवळचा छोटा नेहमीच जास्त उंच असतो, आणि जसजसं मध्याकडे जाल तसतसे ते बुटके होत जातात.

इथे एक गैरसमज होतो. बरेच जण म्हणतात की N वाढला की छोटे मॅक्झिमा नाहीसे होतात. अर्धं खरं. ३ ला ११%, ४ ला ७.४%, ५ ला ६.२५%, पण हा आकडा घसरत घसरत शून्याला जात नाही, ४.७% च्या आसपास येऊन थांबतो. का ते पुन्हा बाणांवरूनच दिसतं. स्लिट खूप असतील तर साखळी म्हणजे जवळपास एक लवचिक तारच. पहिल्या अंधाराला तिची एक पूर्ण गुंडाळी होते. दुसऱ्या अंधाराला दोन. आणि त्या दोघांच्या मध्ये दीड गुंडाळी, म्हणजे सुरुवात वर्तुळाच्या एका बाजूला आणि शेवट बरोबर समोर, अंतर व्यासाएवढं. तार L लांबीची असेल तर दीड परिघ म्हणजे L, म्हणून व्यास L भागिले १.५π, म्हणजे मूळ लांबीच्या २१%, आणि वर्ग केला की ४.५%. खरा सर्वोच्च बिंदू दीड गुंडाळीच्या किंचित आधी येतो म्हणून ४.७. यात N नाही, त्यामुळे लाख स्लिट घेतल्या तरी शेजारचा छोटा ४.७% चाच राहणार. मध्यावरचे मात्र खरोखर मरतात, ते 1/N² च्या हिशोबाने खाली जातात. N शंभर असेल तर दहा हजारांत एक, संपलंच.

आता बारीक होण्याबद्दल. मोठ्या मॅक्झिमापासून पहिल्या अंधारापर्यंत जायला δ ला फक्त 360°/N एवढंच सरकावं लागतं, कारण तेवढ्यात साखळी एक गुंडाळी पूर्ण करते. डबल स्लिटला त्यासाठी १८०° लागायचे, ५ स्लिटला ७२, शंभर स्लिटला जेमतेम ३.६. शेजारी-शेजारी बघितलं तर शंभर स्लिटमध्ये दोन बाणांतला ३.६° चा फरक किरकोळ आहे, दोघे जवळपास एका सुरात आहेत, पण पहिल्याची तुलना एकावन्नाव्याशी करा, ते बरोबर उलटे आहेत. दुसऱ्याची बावन्नाव्याशी, तेही उलटे. अशा पन्नास जोड्या लागतात आणि सगळं शून्य. म्हणजे शेजाऱ्यांमधला छोटा फरक ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साठत जातो, आणि ओळ जितकी लांब तितकं थोडंसं सरकणं पुरतं.

हेच अंतराच्या भाषेत लिहिलं तर पहिला अंधार तेव्हा येतो जेव्हा Nd sinθ = λ होतं. डावी बाजू नीट बघा, Nd म्हणजे स्लिटच्या अख्ख्या ओळीची रुंदी. मला वाटतं तुमचा गोंधळ खरा इथे आहे, कारण पुस्तकं "N वाढला की बारीक" असं एका दमात म्हणून मोकळी होतात. मॅक्झिमा एकमेकांपासून किती लांब हे d ठरवतो, आणि एकेक मॅक्झिमा किती बारीक हे एकूण रुंदी Nd ठरवते. d तोच ठेवून बाजूला स्लिट जोडत गेलात तर रुंदी वाढते आणि मॅक्झिमा बारीक होतो. पण समजा रुंदी तेवढीच ठेवली आणि तिच्यातच दुप्पट स्लिट दाटीवाटीने बसवल्या, तर अंशांमध्ये मॅक्झिमा अजिबात बारीक होत नाही! फक्त शेजारचे मोठे मॅक्झिमा दुप्पट लांब जातात, मग तुलनेने बारीक वाटतात. "N ने बारीक" हे मॅक्झिमाच्या जाडीचं आणि दोन मॅक्झिमामधल्या अंतराचं गुणोत्तर आहे, एवढं मनात ठेवलं की पुढची बरीच गणितं आपोआप सुटतात.

उंची N² पट होते म्हणून एनर्जी कुठून आली असंही कुणीतरी हमखास विचारतं. उंची N² पट, जाडी N ने कमी, क्षेत्रफळ N पट, आणि आत येणारा उजेडही N स्लिटमधून N पटच. हिशोब चोख.

आता हे डोळ्यांनी बघायचं. हिलियम-निऑन लेझर घ्या, ६३२.८ नॅनोमीटर, आणि २, ३, ४, ५ स्लिटचे सेट असलेली स्लाइड. d ०.१२५ मिमी, प्रत्येक स्लिटची रुंदी a ०.०४ मिमी, पडद्यापर्यंतचं अंतर L २ मीटर, असं धरू. मोठे मॅक्झिमा λL/d म्हणजे १०.१ मिमी अंतराने पडतात. स्लाइड सरकवून २ वरून ५ वर गेलात तरी हे १०.१ हलत नाही, पडद्यावर पेन्सिलीने खुणा करून ठेवा म्हणजे खात्री पटेल. मॅक्झिमाच्या मध्यापासून पहिल्या अंधारापर्यंतचं अंतर मात्र २ स्लिटला ५.१ मिमी, ३ ला ३.४, ४ ला २.५ आणि ५ ला २.० मिमी. ३ स्लिटला प्रत्येक दोन मोठ्यांच्या बरोबर मध्ये एक फिकट ठिपका दिसतो, अंधाऱ्या खोलीत अगदी स्पष्ट. ५ ला तीन, मधला सगळ्यात फिका.

यात तीन ठिकाणी फसायला होतं. पहिलं म्हणजे एकेका स्लिटचं स्वतःचं डिफ्रॅक्शन, ते सगळ्या पॅटर्नवर पांघरूण घालतं आणि λL/a वर, म्हणजे मध्यापासून ३१.६ मिमीवर, शून्य होतं. त्यामुळे पहिल्या ऑर्डरचा मॅक्झिमा मधल्याच्या ७०% असतो, दुसरा २०%, आणि तिसरा, जो ३०.४ मिमीवर यायला हवा, तो त्या शून्याच्या इतका जवळ पडतो की ०.२% सुद्धा उरत नाही. मुलं हा मेलेला तिसरा मॅक्झिमा बघून त्याला सबसिडिअरी, म्हणजे मधला छोटा, म्हणतात, किंवा मोजतच नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे, जागा मोजा. १०.१ च्या पटीत असेल तर तो मोठाच, कितीही फिका असो.

दुसरं, कॅमेरा. मोबाईलने फोटो काढला की मोठे मॅक्झिमा पांढरेफटक जळून जातात, सेन्सर तिथे भरून गेलेला असतो, आणि ६% वाला छोटा त्याच्या तुलनेत अर्धा उंच असल्यासारखा दिसतो. मग रिपोर्टमध्ये "थिअरीपेक्षा छोटे मॅक्झिमा जास्त तेजस्वी आले" असं वाक्य येतं. एक्स्पोजर खाली आणा जोपर्यंत सगळ्यात मोठ्या मॅक्झिमाच्या मध्यभागी रंग परत दिसत नाही, मगच तुलना करा.

तिसरं जास्त बारीक आहे. साध्या हिलियम-निऑनचा झोत साधारण ०.८ मिमी जाड असतो आणि तो मध्ये तेजस्वी, कडेला फिका. ५ स्लिटची ओळ अर्ध्या मिमीहून थोडी जास्त. म्हणजे झोत बरोबर मध्ये धरला तरी कडेच्या दोन स्लिटना मधल्यापेक्षा निम्म्याहून कमी इंटेन्सिटी मिळते, बाणांच्या भाषेत कडेचे बाण आखूड, साधारण ०.६८. असे आखूड बाण घेऊन साखळी काढली तर शेजारचे छोटे मॅक्झिमा ६.२५ वरून २.५% वर येतात, मधला ४ वरून २ च्याही खाली, आणि पहिला अंधार २.० ऐवजी २.३ मिमीवर सरकतो. म्हणजे छोटे दबले आणि त्या बदल्यात मोठा किंचित जाड झाला. बरेच जण हे मोजमापाची चूक म्हणून सोडून देतात, पण चूक वगैरे काही नाही, बाण सारखे नव्हते एवढंच. उपाय म्हणजे दोन भिंगांनी झोत पसरवून घ्यायचा, ४-५ मिमी झाला की पाचही स्लिटना जवळपास सारखा उजेड मिळतो आणि आकडे पुस्तकाशी जुळायला लागतात. पडद्यावरचा उजेड त्यात बराच कमी होतो, म्हणून खोली नीट काळोखी करावी लागते.

आता ग्रेटिंग. स्पेक्ट्रोमीटरवरचं ग्रेटिंग समजा मिलिमीटरला ६०० रेघांचं आहे आणि त्याच्या २० मिमी भागावर उजेड पडतोय, म्हणजे N १२,०००. दोन मोठ्या ऑर्डर्सच्या मध्ये ११,९९८ छोटे मॅक्झिमा! मधल्या भागातले तर कोट्यवधी पटीने फिके आहेत, ते विसरा. ४.७% वाला शेजारचा तरी दिसायला हवा ना? सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरसाठी पहिल्या ऑर्डरला मॅक्झिमापासून पहिल्या अंधारापर्यंतचा कोन साधारण ६.५ सेकंद येतो, मिनिटं नाही, सेकंद, आणि तो छोटा मॅक्झिमा मुख्यापासून ९ सेकंदांवर बसलेला असतो. तुमच्या स्पेक्ट्रोमीटरच्या व्हर्नियरला मिळतं काय तर ३० सेकंद, नाहीतर १ मिनिट.

आणि व्हर्नियर चांगला असता तरी फायदा नव्हता, कारण तुम्ही जी पिवळी रेघ बघता ती मुळात कोलिमेटरच्या फटीची प्रतिमा आहे. फट ०.१ मिमी उघडी असेल आणि कोलिमेटरच्या भिंगाची फोकल लेंग्थ १८० मिमी धरली तर फट स्वतःच जवळपास ११५ सेकंद रुंद आहे. साडेसहा सेकंदांचा पॅटर्न ११५ सेकंदांच्या ब्रशने रंगवलात तर त्यातले अंधार बुजणार आणि उंचवटेही बुजणार. सूत्रात बिंदूतून आलेला उजेड गृहीत धरलाय, आणि ती अट इथे पाळली जात नाही, म्हणून छोटे असूनही दिसत नाहीत. उलट कधी ग्रेटिंगमध्ये मुख्य रेघेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर फिकट रेघा दिसल्याच तर हुरळून जाऊ नका, जुन्या यंत्राने कोरलेल्या ग्रेटिंगमध्ये रेघांच्या अंतरात ठरावीक अंतराने पुनःपुन्हा येणारी चूक राहते आणि तिच्यामुळे अशा भुतासारख्या रेघा पडतात, त्यांना रोलँड घोस्ट म्हणतात. उजेड पडणारा भाग कमी-जास्त केला की सबसिडिअरी मॅक्झिमा आपली जागा बदलतो, घोस्ट बदलत नाही.

छोटे दिसत नसले तरी N चा परिणाम ग्रेटिंगवर बघता येतो आणि हा प्रयोग मी सगळ्यांना करायला लावतो. सोडियमच्या दोन रेघा, ५८९.० आणि ५८९.६, पहिल्या ऑर्डरला सुट्या दिसायला साधारण ९८० रेघांवर उजेड पडायला हवा. आधी ग्रेटिंग पूर्ण उघडं ठेवून कोलिमेटरची फट बारीक करत जा, दोन रेघांमधलं अंतर ८० सेकंदांच्या आसपास आहे, त्यामुळे ११५ सेकंदांची फट चालणारच नाही, ती निदान अर्ध्यावर आणावी लागते. जोडी स्वच्छ सुटी झाली की काळ्या कार्डाला उभी खाच पाडून ग्रेटिंगसमोर धरा. खाच २ मिमी असेल तर १२०० रेघा चालू, जोडी कशीबशी सुटी दिसते. १ मिमी केली की ६०० उरल्या, दोन्ही रेघा जाड होऊन एकमेकींत मिसळतात, पण क्रॉसवायर जिथे होती तिथेच पडते, कोन बदलत नाही. कार्ड काढूनही जोडी सुटत नसेल तर ग्रेटिंगला दोष देऊ नका, फट अजून रुंद आहे किंवा टेलिस्कोप अनंतावर फोकस झालेला नाही, या दोनपैकी एक नक्की.